विळ्यापाठोपाठ चकती: एका मुलाच्या स्लाइडवर दिसलेले दोन आजार

इंदूरच्या मल्हारगंजाकडच्या एका मराठी घरातलं सहा वर्षांचं मूल. त्याच्या रक्ताची जांभळ्या टोपीची नळी आणि जुन्या कागदांची जाड फाइल घेऊन आई, बाबा आणि आजी असे तिघे आले होते. फाइलमध्ये दोन वर्षांच्या लोहाच्या औषधाच्या चिठ्ठ्या होत्या आणि सगळ्यात वर एका ओळीचा रिपोर्ट होता: सिकल पॉझिटिव्ह. आईचीही तीच तपासणी झालेली होती आणि ती निगेटिव्ह होती. आजींनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "आमच्या सुनेकडं काही नाही हो, हे भंडाऱ्याकडचं आहे, ह्याच्या बाबांकडून आलंय." बाबांचे आजोबा कापड गिरणीत नोकरीला म्हणून भंडाऱ्याहून इंदुरात आले होते. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे, त्यामुळे आजींचं बोलणं अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं त्या मुलाच्या स्लाइडवर दिसत होतं, आणि ते कुणी वाचलं नव्हतं. हा लेख त्या न वाचलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

स्लाइड म्हणजे काय, तर काचपट्टीच्या एका टोकाला रक्ताचा छोटा थेंब ठेवायचा, दुसऱ्या काचेची कड त्याला तिरकी टेकवायची आणि एका सरळ, सलग हालचालीत थेंब पुढे ओढायचा. जिभेच्या आकाराचा पातळ थर तयार होतो. तो लगेच वाळवायचा आणि लीशमनच्या रंगाने रंगवायचा. थर सुरुवातीला जाड असतो आणि शेवटी अगदी विरळ. वाचायची जागा मधली, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात पण एकमेकींवर चढत नाहीत. तिथेच तेलाचा थेंब टाकून सर्वात मोठ्या भिंगाखाली बघायचं. हे एवढं सांगायचं कारण असं, की आकारांबद्दलच्या निम्म्या चुका चुकीच्या जागी बघितल्यामुळे होतात.

निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी मध्यभागी खोलगट असते. स्लाइडवर ती गुलाबी चकतीसारखी दिसते आणि तिच्या मधला साधारण एक तृतीयांश भाग फिकट असतो. या मुलाच्या स्लाइडवर अशा पेशी शोधाव्या लागत होत्या. एका नजरेत मावेल एवढ्या भागात दोन-तीन पेशी लांब, वाकलेल्या आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत्या, गवत कापायच्या विळ्याच्या पात्यासारख्या. त्यांच्या मधला फिकटपणा पूर्ण गेला होता, रंग गडद आणि एकसारखा होता. आणि आजूबाजूला त्यांच्याहून कितीतरी जास्त वेगळ्याच पेशी होत्या: बाहेर गुलाबी कडं, आत फिकट वलय आणि बरोबर मध्यभागी पुन्हा एक गुलाबी ठिपका. नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या दिसतात म्हणून त्यांना टार्गेट सेल म्हणतात. मी लक्ष्यपेशी म्हणते.

विळा का होतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, तरी थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की जे हिमोग्लोबिन बनतं ते एस. ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांबलचक काड्या तयार करतात आणि त्या काड्या पेशीला आतून ताणतात. ऑक्सिजन मिळाला की काड्या विरघळतात आणि पेशी पुन्हा गोल होते. पण हे पुन्हा पुन्हा होत राहिलं की पेशीच्या आवरणाला कायमची मोड पडते, आणि ती ऑक्सिजन मिळूनही सरळ होत नाही. स्लाइड उघड्या हवेत वाळते, म्हणजे तिथे ऑक्सिजनची कमतरता नसते. तरीही जे विळे दिसतात ते हे कायमचे मोडलेले असतात. म्हणूनच ज्याच्याकडे सिकलचं एकच जनुक आहे, ज्याला आपण वाहक म्हणतो, त्याच्या स्लाइडवर सहसा विळे दिसत नाहीत. त्याच्या प्रत्येक पेशीत निम्म्याहून जास्त चांगलं हिमोग्लोबिन असतं. तेव्हा स्लाइडवर खरे विळे दिसले, तर मूल नुसतं वाहक नाही, आजारी आहे, एवढं विळा स्वतःच सांगतो.

"खरे" हा शब्द मुद्दाम वापरला. थराच्या विरळ टोकाकडे साध्या पेशीसुद्धा ओढल्या जाऊन लांबट होतात. त्या ओळखायच्या कशा? त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून असतात, ज्या दिशेने काच ओढली त्या दिशेला. खरे विळे कुठेही, कसेही पडलेले असतात: एक आडवा, एक उभा, एक तिरका.

आता लक्ष्यपेशीकडे येऊ, कारण या मुलाची गोष्ट तिथेच आहे. लहान उशीला मोठ्या मापाचा अभ्रा घातला तर काय होतं? कापड जास्त होतं, कुठेतरी फुगवटा येतो. लक्ष्यपेशीत तेच होतं. पेशीचं आवरण मोठं आणि आतला ऐवज कमी. रक्तात वाहताना ती घंटेसारखी खोल असते, आणि काचेवर चपटी होताना जास्तीचं आवरण मध्यभागी उचललं जातं. तोच मधला ठिपका.

आवरण आणि ऐवज यांचं हे प्रमाण दोन वेगळ्या कारणांनी बिघडू शकतं. एक तर ऐवज कमी पडतो, म्हणजे पेशीत हिमोग्लोबिनच पुरेसं बनत नाही. थॅलॅसेमियात हे होतं आणि लोहाच्या कमतरतेतही थोड्या प्रमाणात होतं. किंवा आवरण जास्त राहतं. यकृताच्या काही आजारांत आवरणात जादा चरबी भरते. शिवाय प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बरगड्यांखाली असलेली पानथरी, रोज पेशींचं जादा आवरण छाटून काढते. ती काढून टाकली किंवा सिकलच्या आजारात ती झिजून निकामी झाली, की छाटणी थांबते आणि लक्ष्यपेशी दिसायला लागतात. म्हणून साध्या सिकल आजारातही, ज्यात आई आणि बाबा दोघांकडून एसचं जनुक आलेलं असतं, विळ्यांच्या जोडीला लक्ष्यपेशी असतात. त्या दिसल्या म्हणून थॅलॅसेमिया आहेच असं कुणी म्हणू नये.

पावसाळ्यात आणखी एक फसवणूक होते. हवेत दमटपणा असताना थर हळूहळू वाळतो आणि चांगल्या पेशीही लक्ष्यपेशींसारख्या दिसायला लागतात. अशा खोट्या लक्ष्यपेशी स्लाइडच्या एकाच पट्ट्यात दाटलेल्या असतात, शेजारच्या भागात एकही नसते. शंका आली तर त्याच नळीतून दुसरी स्लाइड ओढून पंख्याखाली पटकन वाळवायची. या मुलाच्या दुसऱ्या स्लाइडवरही त्या सगळीकडे होत्या.

मग मला लक्ष्यपेशींनी थॅलॅसेमियाकडे का नेलं? त्यांच्या आकारामुळे नाही, त्यांच्या आकारमानामुळे. पेशी लहान होत्या. मशीनच्या कागदावर हिमोग्लोबिन ७.८ होतं आणि एमसीव्ही, म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ६४. सहा वर्षांच्या मुलात ते ७५ च्या वर असायला हवं. शिवाय याच्या रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी ८ टक्के होत्या. सिकलच्या पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच मोडतात, म्हणून अस्थिमज्जा घाईघाईने नव्या पेशी बाहेर काढते, आणि कोवळ्या पेशी जुन्यांपेक्षा मोठ्या असतात. म्हणजे साध्या सिकल आजारात सरासरी आकारमान नेहमीएवढं किंवा थोडं जास्तच यायला हवं. इथे ते खाली होतं. हा आकडा आणि हा आजार एकमेकांशी जुळत नव्हते.

हे काही माझं शहाणपण नाही. १९४० च्या दशकात रोममध्ये एझिओ सिल्व्हेस्ट्रोनी आणि इदा बियांको या दांपत्याने सिकल आणि थॅलॅसेमिया एकाच माणसात भेटल्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनी आजाराला जे नाव दिलं त्याचा अर्थच "लहान विळ्यांचा आजार" असा होतो. लहान हा शब्द त्यांनी नावातच घालून ठेवला होता.

सिकलच्या मुलात पेशी लहान असण्याची कारणं मुख्यतः तीन. पहिलं लोह कमी असणं. या मुलाच्या दोन वर्षांच्या औषधामागे हाच अंदाज होता: हिमोग्लोबिन कमी, पेशी लहान, म्हणजे लोह द्या. पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, कुणी तपासलाच नव्हता. आम्ही तपासला तर तो १४० आला. लोह भरपूर होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोन वर्षं ते पोर रोज सकाळी तोंड वाकडं करत ते औषध पीत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

दुसरं कारण अल्फा थॅलॅसेमिया, ज्यात हिमोग्लोबिनची दुसरी साखळी, अल्फा, कमी बनते. आपल्याकडे, विशेषतः ज्या समाजांमध्ये सिकल आहे तिथे, तो पुष्कळ आढळतो. एरवी तो काही त्रास देत नाही, पण पेशी लहान करतो. तिसरं कारण बीटा थॅलॅसेमिया: एका पालकाकडून एसचं जनुक आणि दुसऱ्याकडून असं जनुक, जे बीटा साखळी बनवतच नाही किंवा फार थोडी बनवतं. या तिसऱ्या प्रकारात मुलाच्या पेशीत बहुतेक हिमोग्लोबिन एसच राहतं, म्हणून आजार साध्या सिकलइतकाच जोरकस असू शकतो.

या दोघांना वेगळं करायला एचपीएलसी ही तपासणी लागते. त्यात रक्तातली हिमोग्लोबिनं एका नळकांड्यातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर प्रत्येकाचा एकेक डोंगर उमटतो. मुलाच्या आलेखात एस ७० टक्के, एफ म्हणजे बाळपणीचं हिमोग्लोबिन १८, ए-टू म्हणजे एरवी अगदी थोडं असणारं हिमोग्लोबिन ५.६ आणि ए, म्हणजे मोठेपणीचं नेहमीचं हिमोग्लोबिन, फक्त ४. तपासण्यापूर्वी एक प्रश्न विचारायलाच हवा असतो: गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं होतं का? चढवलं असेल तर ए चा डोंगर रक्त देणाऱ्याचा असतो आणि सगळा हिशोब फसतो. याला कधीच रक्त दिलेलं नव्हतं. म्हणजे ती चार टक्के त्याची स्वतःची होती.

ए-टू वाढलेलं दिसलं की बीटा थॅलॅसेमिया असं पुस्तकात असतं. पण एस असलेल्या रक्तात हा आकडा जपून वाचावा लागतो. एसचाच एक बदललेला अंश मशीनमध्ये ए-टूच्या वेळेलाच बाहेर पडतो आणि तो आकडा फुगवतो. त्यात सिकलच्या जोडीला अल्फा थॅलॅसेमिया असला तर ए-टू खरोखरही थोडं वाढतं. लहान पेशी, वाढलेलं ए-टू, विळे, लक्ष्यपेशी: सगळं चित्र बीटासारखंच दिसतं आणि असतं मात्र अल्फा. त्या चार टक्के ए मुळे माझा कल बीटाकडे झाला होता, कारण दोन्ही पालकांकडून एस आलं असतं तर ए अजिबात नसतं. पण एवढ्या बुटक्या डोंगरावर कुटुंबाला काही सांगणं मला पटत नाही. अशा वेळी सगळ्यात भरवशाची तपासणी मुलाची नसते, आईबापांची असते.

दोघांचंही रक्त घेतलं. बाबांचं हिमोग्लोबिन १३.६, एमसीव्ही ८२, आणि एचपीएलसीत ए ५८ टक्के, एस ३६. साधा सिकल वाहक, आजींच्या म्हणण्याप्रमाणे. आईच्या सिकलच्या नळीत पाणी स्वच्छ राहिलं, मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा स्पष्ट दिसल्या. म्हणजे जुना निगेटिव्ह रिपोर्ट चुकीचा नव्हता. पण तिच्या मशीनच्या कागदावर हिमोग्लोबिन १०.६, एमसीव्ही ६३ आणि तांबड्या पेशींची संख्या ५४ लाख होती. लोह कमी असेल तर पेशी लहानही होतात आणि संख्येनेही घटतात. इथे पेशी लहान आणि संख्येने भरपूर. तिच्या स्लाइडवर एकही विळा नव्हता, पण लक्ष्यपेशी होत्या, मुलाच्या होत्या तशाच. एचपीएलसीत एस शून्य, ए-टू ५.३. ती बीटा थॅलॅसेमियाची वाहक होती.

"पण माझं तर निगेटिव्ह आलं होतं ना, मॅडम?" तिने विचारलं. तिचा प्रश्न अगदी योग्य होता. विरघळण्याची ती चाचणी रक्तात एस आहे का, एवढं एकच विचारते. रक्ताचे काही थेंब एका द्रावणात टाकतात, एस असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि मागच्या रेघा झाकल्या जातात. आजारी आणि वाहक यांत ती फरक करत नाही. थॅलॅसेमिया तिला दिसतच नाही. १ जुलै २०२३ रोजी आपल्या मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हापासून सिकलच्या तपासण्या कितीतरी वाढल्या आणि ते फार चांगलं झालं. पण जिच्या मुलाला विळे आहेत अशा आईच्या हातात नुसता "सिकल निगेटिव्ह" चा कागद असेल, तर तो कागद अपुरा आहे.

अपुरा असण्याचा परिणाम या घरात कसा झाला असता ते बघा. मुलाचं "सिकल" बाबांकडून आलं, आईकडे काही नाही, असं धरलं तर पुढच्या बाळाला जास्तीत जास्त वाहकपण येईल, आजार नाही, असा हिशोब निघतो. ती पुन्हा गरोदर राहिली असती तर कुणी पोटातल्या बाळाची तपासणी सुचवलीच नसती. खरा हिशोब वेगळा आहे. दर गर्भारपणात चारात एक शक्यता अशी, की बाबांचं एस आणि आईचं थॅलॅसेमियाचं जनुक एकत्र येतील. चारात एक, की फक्त एस येईल. चारात एक, की फक्त थॅलॅसेमिया येईल. आणि चारात एक, की दोन्ही येणार नाहीत. पहिल्या मुलात एकत्र आले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात करता येते, पण त्यासाठी दोघांची जनुकं नेमकी कोणती ते आधी माहीत असावं लागतं. आईच्या जनुकतपासणीत आयव्हीएस-१-५ नावाचा बदल निघाला, जो भारतात बीटा थॅलॅसेमियाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे. या बदलात बीटा साखळी अगदी थोडी बनते, पूर्ण थांबत नाही. मुलाच्या त्या चार टक्क्यांचा उलगडा तिथे झाला.

एक बारीक गोष्ट तंत्रज्ञ मित्रांसाठी. मुलाच्या पांढऱ्या पेशींचा आकडा मशीनने १६,००० दिला होता आणि कुणालाही वाटावं की संसर्ग आहे. पण स्लाइडवर दर शंभर पांढऱ्या पेशींमागे केंद्रक असलेल्या बारा कोवळ्या तांबड्या पेशी होत्या, आणि अनेक मशीन त्यांना पांढऱ्या म्हणून मोजतात. १६,००० ला १०० ने गुणून ११२ ने भागलं की खरा आकडा साधारण १४,३०० येतो. अँटिबायोटिक लिहिण्याआधी हा भागाकार करावा.

स्लाइडच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सहा महिन्यांखालच्या बाळात एफ भरपूर असतं, म्हणून आजार असूनही स्लाइड स्वच्छ दिसू शकते. मूल हायड्रॉक्सीयुरिया घेत असेल तर पेशी मोठ्या होतात आणि एमसीव्हीची ती खूण पुसली जाते. म्हणून ते औषध सुरू व्हायच्या आधीचा कागद जपून ठेवावा. आणि नुकतंच रक्त दिलं असेल तर स्लाइडवर दोन माणसांच्या पेशी मिसळलेल्या असतात.

मुलाचं औषध बालरोगतज्ज्ञांनी बदललं. लोह बंद, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया सुरू, न्यूमोकॉकसची लस दिली. ताप १०१ च्या वर गेला तर घरी थांबायचं नाही, हे आजींकडून पाठ करून घेतलं. याची पानथरी अजून दोन बोटं हाताला लागते. ती अचानक वाढली तर रक्त तिच्यात अडकून मूल काही तासांत कोसळू शकतं, म्हणून आईला तिची कड चाचपायला शिकवली. ती आता रोज रात्री गोष्ट सांगता सांगता हात फिरवून बघते. आपलं मूल वर्षाचं असताना त्याच्या हातापायांवर सूज आली होती आणि ती मुरगळ समजून लेप लावला होता, हेही तिला तेव्हाच आठवलं. सिकलची ती पहिली खूण होती.

जाताना तिने विचारलं, "माझ्या भावाचं लग्न ठरतंय मार्गशीर्षात. त्याला सांगू?" मी म्हटलं, आजच सांगा, आणि सिकलची नाही, एचपीएलसी आणि रक्ताची पूर्ण मोजणी करायला सांगा. तो पुढच्या रविवारी आला, होणाऱ्या बायकोला घेऊनच. त्याच्या स्लाइडवर लक्ष्यपेशी होत्या, ए-टू ५.१. तिच्या पेशी नेहमीच्या आकाराच्या, ए-टू २.६, एस नाही. दोन्ही कागद मी त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि कुठला आकडा कुठे बघायचा ते दाखवलं. त्यांनी फोटो काढून लगेच ताईला पाठवले.